सल्फेटच्या ग्रॅव्हिमेट्रीचा अहवाल: बेरियम सल्फेटच्या वजनात काय काय दडलेलं असतं

प्रश्न: कोरड्या सोडियम सल्फेटमधलं सल्फेट बेरियम सल्फेटच्या रूपात मोजलं. तीन वेळा केलं, उत्तरं आली 67.28, 66.93 आणि 67.61 टक्के. हिशेबाने 67.63 यायला हवं. तिन्ही वेळा 5 टक्क्यांचं बेरियम क्लोराइड 25 मिली घातलं. दुसऱ्या वेळी क्रुसिबलमधला अवक्षेप करडा दिसत होता. तिसऱ्या वेळी तास संपत आला म्हणून साधारण 10 मिली पाण्याने एकदाच धुतलं. अहवालात सरासरी 67.27 दिली आणि ‘सहअवक्षेपण, अपुरं धुणं आणि तापवताना झालेली घट यांमुळे त्रुटी आली असावी’ असं लिहिलं. मॅडमनी त्यावर लाल शाईने ‘कशी? किती?’ एवढंच लिहून जर्नल परत दिलं. आता काय लिहायचं? तिसरं रीडिंग बरोबर आलंय, तर तेवढंच धरू का?

उत्तर:

तिसरं रीडिंग धरू नका. तीनपैकी सगळ्यात कमी विश्वासाचं तेच आहे. ते बरोबर ‘आलं’, कारण त्यात दोन चुका विरुद्ध दिशेने लागल्या आणि एकमेकींना खाऊन बसल्या. मॅडमनी विचारलेल्या दोन शब्दांचं उत्तरही त्यातच सापडेल, पण आधी टक्के बाजूला ठेवा आणि मिलिग्रॅममध्ये बोला. तराजूला टक्के कळत नाहीत. त्रुटी शोधायची तर अवक्षेपाचं वजन किती हवं होतं आणि किती भरलं, इथून सुरुवात करावी लागते.

सोडियम सल्फेटचा रेणुभार 142.04 आणि बेरियम सल्फेटचा 233.39. म्हणजे एक ग्रॅम कोरड्या सोडियम सल्फेटमधून 1.6431 ग्रॅम बेरियम सल्फेट मिळायला हवं. तुम्ही पाठवलेल्या वजनांवरून हिशेब असा:

| | नमुना (ग्रॅ) | हवं होतं (ग्रॅ) | मिळालं (ग्रॅ) | फरक (मिग्रॅ) |
|---|---|---|---|---|
| पहिलं | 0.3512 | 0.5771 | 0.5741 | −3.0 |
| दुसरं | 0.3478 | 0.5715 | 0.5656 | −5.9 |
| तिसरं | 0.3605 | 0.5923 | 0.5922 | −0.1 |

आता चित्र निराळं दिसतं. पहिल्या वेळी तुम्ही सगळं नीट केलं, धुणंही क्लोराइडची चाचणी ऋण येईपर्यंत केलं, तरीही 3 मिलिग्रॅम कमी. दुसऱ्या वेळी ही घट जवळपास दुप्पट. आणि ज्या दिवशी धुण्यात घाई झाली, त्याच दिवशी घट नाहीशी. या तीन ओळींची सरासरी काढली की नेमकी ही माहितीच पुसली जाते.

पहिल्या ओळीपासून सुरुवात करू, कारण त्या 3 मिलिग्रॅमचं कारण बाकी दोन्ही ओळींतही हजर आहे.

सहअवक्षेपण म्हटलं की बहुतेक मुलं लिहितात, ‘अशुद्धी सोबत खाली बसल्यामुळे वजन वाढलं.’ बेरियम सल्फेटच्या बाबतीत हे अर्धंच खरं, आणि तुमच्या प्रयोगापुरतं तर उलटं. कोणती अशुद्धी आत अडकली आणि तिने कोणाची जागा घेतली यावर वजन वाढणार की घटणार ते ठरतं. तुम्ही सल्फेटच्या गरम द्रावणात बेरियम क्लोराइड थेंबथेंब सोडलं. पहिल्या थेंबापासून जवळजवळ तुल्यबिंदूपर्यंत द्रावणात सल्फेट मुबलक आणि बेरियम नाममात्र असतं. या काळात वाढणाऱ्या प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर सल्फेटचा थर चिकटतो, त्यामुळे कण ऋणभारित होतो आणि आपल्याभोवती धन आयन ओढून घेतो. तुमच्या बीकरमध्ये धन आयन म्हणजे मुख्यतः सोडियम, आणि थोडं हायड्रोजन. नवा थर येऊन बसेपर्यंत बेरियम या सोडियमला हाकलू शकलं नाही, तर ते आतच गाडलं जातं. म्हणजे तेवढं सल्फेट सोडियम सल्फेट होऊन अवक्षेपात आलं. सल्फेट गेलं कुठेच नाही, पण बेरियमऐवजी हलक्या सोडियमला घेऊन तराजूवर बसलं.

किती हलकं? एक मिलिमोल सल्फेट बेरियमबरोबर आलं तर 233.4 मिलिग्रॅम, सोडियमबरोबर आलं तर 142.0. म्हणजे दर मिलिमोलमागे 91.4 मिलिग्रॅमची घट. तुमची घट 3.0 मिलिग्रॅम, म्हणून:

```
3.0 / 91.4   = 0.033 मिलिमोल
एकूण सल्फेट   = 351.2 / 142.04 = 2.473 मिलिमोल
अडकलेला वाटा  = 0.033 / 2.473 = 1.3 %
```

एकूण सल्फेटपैकी शंभरातलं सव्वा-दीड सोडियमबरोबर गेलं, एवढ्याने तुमची घट पूर्ण समजते. घाईने केलेल्या अवक्षेपात हा आकडा अशक्य नाही. ‘किती?’ला द्यायचं उत्तर या जातीचं असतं: अमुक इतकी घट समजायला अमुक इतकं दूषण लागेल, आणि तेवढं शक्य आहे की नाही.

सोडियमच्या जागी दुसरा आयन असता तर गणित बदललं असतं. पोटॅशियम सल्फेट 174.3 आहे, तेव्हा दर मिलिमोलला घट कमी, पण दिशा तीच. अमोनियम असेल तर तापवताना अमोनियम सल्फेट उडूनच जातं आणि त्या सल्फेटचं वजन शून्य होतं. हायड्रोजन आयनाबरोबर आलेलं सल्फेटही तसंच, सल्फ्युरिक आम्ल म्हणून धुरात जातं. फेरिक लोह सगळ्यात खोडकर. ते सल्फेट म्हणून अडकतं, भट्टीत त्यातला सल्फर ट्रायऑक्साइड निघून जातो आणि मागे फेरिक ऑक्साइड उरतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका नमुन्यात लोह आहे हे न बघता मी तीन दिवस त्याच नमुन्याची रीडिंगं घेत बसले होते. दरवेळी उत्तर कमी, आणि क्रुसिबलमध्ये पांढऱ्याऐवजी फिकट विटकरी झाक. रंग डोळ्यांसमोर होता, पण मी नजर आकड्यांवर ठेवून होते. अशा वेळी लोह आधी अमोनियाने काढून टाकायचं किंवा फेरसमध्ये क्षपित करायचं. फेरस फेरिकच्या मानाने पुष्कळच कमी अडकतं.

आता उलट दिशा. तुल्यबिंदू ओलांडला की द्रावणात बेरियम जास्त होतं, कणांवर बेरियमचा थर बसतो, कण धनभारित होतो आणि मग क्लोराइड ओढलं जातं. हे बेरियम क्लोराइड सल्फेटशिवायचं, निव्वळ वरचं वजन. नायट्रेट असेल तर ते क्लोराइडपेक्षाही जास्त अडकतं. म्हणून नायट्रिक आम्लात विरघळवलेल्या नमुन्याला आधी हायड्रोक्लोरिक आम्ल घालून दोन-तीनदा कोरडं करतात. सारांश एवढाच की एकाच बीकरमध्ये पहिल्या टप्प्यात घट कमावली जाते आणि शेवटच्या टप्प्यात वाढ. नेहमीच्या क्रमाने, म्हणजे सल्फेटात बेरियम सोडल्यावर, कण वाढण्याचा बहुतेक काळ पहिल्या टप्प्यात जातो, म्हणून सोडियमच्या क्षारांत उत्तर कमी येण्याकडे कल असतो. हा तर्क तपासून बघायचा असेल तर एकदा मुद्दाम उलट करा: गरम बेरियम क्लोराइडमध्ये सल्फेटचं द्रावण थेंबथेंब सोडा. उत्तर वर सरकलं तर सहअवक्षेपणाबद्दलचं तुमचं वाक्य ‘असावी’वरून ‘आहे’वर येईल.

यावर उपाय काय, हेही अहवालात एका परिच्छेदात यायला हवं, कारण मौखिक परीक्षेत तेच विचारतात. अडकलेलं सोडियम धुऊन निघत नाही, ते कणाच्या आत असतं. फेरिक हायड्रॉक्साइडसारखं विरघळवून पुन्हा अवक्षेपित करायचीही सोय नाही, कारण बेरियम सल्फेट साध्या आम्लात विरघळत नाही. तेव्हा जे काही करायचं ते कण घडत असतानाच. द्रावण पातळ, 200 ते 250 मिली. त्यात थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल, साधारण 0.05 मोलर पुरेल. आम्लामुळे सल्फेटचा काही भाग बायसल्फेट होऊन राहतो आणि विद्राव्यता किंचित वाढते, शिवाय बेरियम कार्बोनेट किंवा फॉस्फेट खाली येत नाही. द्रावण उकळीच्या जवळ गरम, बेरियम क्लोराइडही गरम आणि पातळ, आणि सतत ढवळत एकेक थेंब. या सगळ्याचा हेतू एकच: कुठल्याही क्षणी द्रावण फार अतिसंपृक्त होऊ द्यायचं नाही, म्हणजे कण थोडे, मोठे आणि सावकाश बनतात, आणि पृष्ठभागावरच्या सोडियमला बाहेर पडायला वेळ मिळतो.

मग मुरवणं. वॉटर बाथवर तासभर, जमलं तर रात्रभर ठेवायचं. बारीक, वेडेवाकडे कण विरघळतात आणि मोठ्या कणांवर पुन्हा बसतात, त्या घुसळणीत अडकलेल्यांपैकी काही सुटतात. मुरलेला अवक्षेप ओळखायला सोपा: ढवळून सोडला की झटकन तळाला बसतो आणि वरचं पाणी काचेसारखं नितळ होतं. पाणी दुधाळ राहिलं तर गाळायला घेऊ नका, बारीक कण फिल्टर पेपरमधून पळतील.

तुमच्या 25 मिलीबद्दलही बोलायला हवं. 0.36 ग्रॅम नमुन्याला 5 टक्क्यांचं बेरियम क्लोराइड सुमारे 12.4 मिली लागतं. दहा टक्के जास्त घेतलं तरी 14 मिलीत काम होतं. तुम्ही दुप्पट घातलंत. कमी पडेल ही भीती समजते, पण ती घालवायला सोपी चाचणी आहे: अवक्षेप बसू द्या आणि वरच्या नितळ थरात बाजूने दोन थेंब बेरियम क्लोराइड सोडा. ढग उठला नाही तर पुरे झालं. जास्तीच्या बेरियमचा त्रास पुढच्या टप्प्यावर होतो, आणि तो तुमच्या तिसऱ्या रीडिंगमध्ये झालाय.

तिसऱ्या वेळी 12.6 मिली जास्तीचं बेरियम क्लोराइड बीकरमध्ये राहिलं. निर्जल धरलं तर ते सुमारे 540 मिलिग्रॅम. शिवाय अभिक्रियेतून तयार झालेलं मीठ सुमारे 300 मिलिग्रॅम. हे सगळं 250 मिलीत, म्हणजे दर मिलिलिटरला जवळपास 3.3 मिलिग्रॅम क्षार. गाळून झाल्यावर ओला अवक्षेप आणि कागद मिळून 3 मिली द्रव धरून ठेवतात असं समजू. न धुता ते तसंच वाळवलं असतं तर 10 मिलिग्रॅमची भर पडली असती. 10 मिली पाण्याने एकदा धुतल्यावर आदर्श स्थितीत त्याचा 3/13 भाग उरतो:

```
10 × 3 / (3 + 10) = 2.3 मिग्रॅ
```

पहिल्या रीडिंगसारखंच सोडियम अडकलं असेल तर तिसऱ्या वेळी 3.1 मिलिग्रॅम घट दिसायला हवी होती. दिसली फक्त 0.1. म्हणजे कुठून तरी 3 मिलिग्रॅम भर पडली, आणि न धुतलेल्या क्षारांचा आपला अंदाज 2.3 निघतो. 3 मिली हा आकडाच मुळात डोळ्यांनी धरलेला आहे, आणि पाणी अवक्षेपात नीट मिसळत नाही, कागदाच्या वरच्या कडेला चढलेला द्रव तर बऱ्याचदा धुतलाच जात नाही. ते बघता आकडे पुरेसे जवळ आहेत. तुमचं ‘बरोबर’ उत्तर असं तयार झालं.

तेच पाणी वाटून वापरलं असतं तर काय झालं असतं ते बघा. 50 मिली पाणी एकदम ओतलं तर द्रवाचा 3/53 भाग, म्हणजे साडेपाच टक्के उरतो. तेच 50 मिली 10-10 करून पाच वेळा, प्रत्येक वेळी आधीचं पूर्ण निथळू देऊन घातलं, तर (3/13) चा पाचवा घात, म्हणजे हजारात एकाहूनही कमी. 10 मिलिग्रॅमचं 0.01 मिलिग्रॅमच्याही खाली जातं आणि तराजूला ते दिसत नाही. ‘निथळू देऊन’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. वरचं पाणी असताना आणखी पाणी ओतलं तर वेगळं धुणं झालं असं होत नाही.

धुणं पूर्ण झालं हे ठरवायची चाचणी नळीतून पडणाऱ्या ताज्या थेंबांवर करायची, खालच्या बीकरमध्ये साठलेल्या पाण्यावर नाही. परीक्षानळीत मिलीभर घ्या, नायट्रिक आम्लाचे दोन थेंब, मग सिल्व्हर नायट्रेट. काळ्या कागदासमोर धरून बघा. हलकी धुक्यासारखी झाकही नको. मात्र ही चाचणी फक्त कणांच्या मधल्या आणि पृष्ठभागावरच्या द्रवाबद्दल बोलते. आत अडकलेल्या क्लोराइडबद्दल ती काहीच सांगत नाही. ‘क्लोराइड चाचणी ऋण आली, म्हणून सहअवक्षेपण झालेलं नाही’ असं वाक्य जर्नलमध्ये दर वर्षी येतं आणि दर वर्षी कापलं जातं.

जास्त धुतल्याने अवक्षेप विरघळेल ही भीतीही मोजून बघावी. बेरियम सल्फेट थंड पाण्यात लिटरला अडीच मिलिग्रॅम, उकळत्या पाण्यात चारच्या आसपास विरघळतं. 100 मिली गरम पाणी पूर्ण संपृक्त होऊन गेलं तरी 0.4 मिलिग्रॅम, आणि भराभर गाळताना ते पूर्ण संपृक्त होतही नाही. ही तुमच्या घटीच्या पासंगालाही पुरत नाही. मूळ द्रावणात तर जास्तीच्या बेरियममुळे विरघळलेलं सल्फेट आणखी नगण्य. तेव्हा अहवालात विद्राव्यतेची घट एका वाक्यात आकड्यासह लिहा आणि पुढे जा.

आता दुसरी ओळ आणि करडा अवक्षेप. इथे घट 5.9, त्यातली 3 सोडियमच्या खात्यावर. उरलेली 2.9 मिलिग्रॅम कुठे गेली?

फिल्टर पेपर क्रुसिबलमध्ये जळतो तेव्हा त्याचा कोळसा होतो, आणि हवा कमी, उष्णता जास्त असेल तर तो कोळसा बेरियम सल्फेटचं क्षपण करतो:

```
BaSO4 + 4C → BaS + 4CO
```

बेरियम सल्फाइड 169.4, म्हणजे दर मिलिमोलला 64 मिलिग्रॅम घट. 2.9 भागिले 64 केलं की 0.045 मिलिमोल, अवक्षेपाच्या दोन टक्क्यांच्या आत. कागद नीट जाळला नाही तर एवढं सहज होतं. बहुधा ओला कागद सरळ तापलेल्या मफलमध्ये गेला आणि दार लगेच बंद झालं. योग्य क्रम असा: क्रुसिबल बर्नरवर तिरकं, झाकण थोडं उघडं, कागद आधी सुकू द्यायचा, मग धुमसून काळा होऊ द्यायचा, पण पेटू द्यायचा नाही. पेटला तर ज्वाळेबरोबर पांढरी भुकटीही उडते आणि ती घट वेगळीच. नंतर कमी आचेवर, हवा खेळती ठेवून काळेपणा पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, आणि तो गेल्यावरच 800 अंशांना पंधरा-वीस मिनिटं. सच्छिद्र पोर्सेलिनचं फिल्टर क्रुसिबल हाताशी असेल तर कागदच लागत नाही आणि हा सगळा प्रश्न मिटतो.

पण करडा रंग म्हणजे सल्फाइडच, असं गृहीत धरू नका. न जळलेला कार्बनही करडा दिसतो, आणि तो वजन वाढवतो. दोन्हींतला फरक तराजू सांगतो. दार किंचित उघडं ठेवून पुन्हा तापवा. रंग गेला आणि वजन घटलं, तर कार्बन होता. वजन वाढलं, तर सल्फाइड हवेतल्या ऑक्सिजनने परत सल्फेट होत होतं. पक्कं करायचं तर थंड झालेल्या अवक्षेपावर विरल सल्फ्युरिक आम्लाचे एक-दोन थेंब टाका, धुराड्याखाली. सडक्या अंड्याचा वास आला की सल्फाइड होतं. मग अगदी मंद आचेवर आम्लाचे धूर थांबेपर्यंत, आणि नंतर पुन्हा 800.

हा आम्लाचा उपाय पुस्तकांत सरसकट सांगितलेला असतो, त्यात एक गोम आहे. अवक्षेपात न धुतलेलं बेरियम क्लोराइड असेल तर सल्फ्युरिक आम्ल त्याचंही सल्फेट करून टाकतं आणि 208 चं 233 होतं. जिथे वजन आधीच जास्त होतं तिथे ते आणखी वाढतं. बेरियम मोजायचं असेल तर हे चालतं, सल्फेट मोजताना चालत नाही. म्हणून तुमच्या तिसऱ्या क्रुसिबलवर हा प्रयोग करू नका. त्यासाठी वेगळी तपासणी आहे: तापवलेल्या अवक्षेपावर थोडं गरम पाणी घालून ढवळा, वरचं पाणी घेऊन सिल्व्हर नायट्रेटची चाचणी करा. मागे राहिलेले क्लोराइड क्षार तापवल्यावरही पाण्यात उतरतात, तेव्हा दुधाळपणा आला तर तुमच्या 3 मिलिग्रॅमचा पुरावा मिळाला.

‘800 अंशांना बेरियम सल्फेटचं विघटन झालं’ हे मात्र लिहू नका. शुद्ध बेरियम सल्फेट 1400 अंशांच्या आसपास जाईपर्यंत टिकून असतं. उलट फार कमी तापवणं हीच चूक जास्त घडते, कारण कणांच्या आत कोंडलेलं पाणी 110 अंशांच्या ओव्हनमध्ये पूर्ण निघत नाही. लागोपाठच्या दोन वजनांतला फरक 0.3 मिलिग्रॅमच्या आत आला की स्थिर वजन. क्रुसिबल डेसिकेटरमध्ये पूर्ण थंड होऊ द्या. कोमट क्रुसिबल तराजूवर हलकं भरतं, आणि त्या खोट्या घटीला मग ज्वलनातली घट असं नाव दिलं जातं.

अहवालाचं म्हणाल तर कृती दहा ओळींत आटोपा, पण तिथे जे प्रत्यक्ष केलं तेच लिहा: 25 मिली घातलं तर 25 मिली, एकदा धुतलं तर एकदा. रिकाम्या क्रुसिबलचं स्थिर वजन आणि अवक्षेपासह लागोपाठची वजनं, दोन्ही द्या, उदाहरणार्थ 18.2364, मग 18.8107 आणि 18.8105. फक्त वजाबाकी दिली तर वाचणाऱ्याला स्थिर वजन आलं होतं की नाही ते कळत नाही. निरीक्षणात रंग लिहा. ‘करडा’ हा एक शब्द तुम्ही प्रश्नात लिहिलात म्हणून मला दुसऱ्या रीडिंगचा धागा सापडला. जर्नलमध्ये तो होता का?

चर्चेचा परिच्छेद साधारण असा होऊ शकतो, शब्द तुमचे घाला:

> पहिल्या निर्धारणात अवक्षेप 3.0 मिग्रॅ कमी मिळाला. धुण्याची चाचणी ऋण होती आणि अवक्षेप पांढरा होता, त्यामुळे ही घट मुख्यतः सोडियम सल्फेटच्या सहअवक्षेपणाची मानली आहे. त्यासाठी 1.3 टक्के सल्फेट सोडियमबरोबर येणं पुरेसं आहे. धुण्यातली विद्राव्यतेची घट जास्तीत जास्त 0.4 मिग्रॅ. दुसऱ्या निर्धारणातली अधिकची 2.9 मिग्रॅ घट करड्या रंगाशी जुळते आणि कागदाच्या कार्बनने झालेल्या क्षपणाची असावी. तिसऱ्या निर्धारणात धुणं अपुरं होतं. उरलेल्या क्षारांचा अंदाज 2.3 मिग्रॅ असून सहअवक्षेपणाची घट त्याने झाकली गेली. म्हणून 67.61 हे मूल्य सैद्धांतिक मूल्याच्या जवळ असूनही स्वीकारलेलं नाही.

सरासरी देऊ नका. तीन रीडिंगं तीन वेगळ्या परिस्थितींतली आहेत, ती एकाच प्रयोगाच्या तीन आवृत्त्या नाहीत. अहवालाचं मूल्य म्हणून 67.28 द्या आणि त्याची सापेक्ष त्रुटी −0.5 टक्के ठेवा. वेळ मिळाला तर 14 मिली बेरियम क्लोराइड, रात्रभर मुरवणं आणि पाच वेळा धुणं अशी आणखी दोन निर्धारणं करा, मग त्या दोघांची सरासरी खुशाल काढा.

दुसरं क्रुसिबल अजून डेसिकेटरमध्ये असेल तर आधी ते बाहेर काढा. ते नीट धुतलेलं आहे, तेव्हा आम्लाचे थेंब तिथे चालतील. पुन्हा तापवल्यावर अवक्षेपाचं वजन 0.5685 च्या आसपास येऊन थांबलं तर क्षपणाबद्दलचं वरच्या परिच्छेदातलं ‘असावी’ काढून टाका. ते 0.5656 वरच राहिलं किंवा खाली गेलं, तर करडेपणा कार्बनचा होता आणि ते 2.9 मिलिग्रॅम फिल्टर पेपरमधून, बीकरच्या काचेला चिकटून किंवा ज्वाळेबरोबर गेले. मग परिच्छेदाचं ते वाक्य बदलावं लागेल.